पत्र्यावरचे ओघळ

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका जुन्या शेडचे बाह्यचित्र मी संगणकावर तयार केले. ते काम देऊन झाले आहे, पण त्यातील एका भिंतीवरचे काही ओघळ माझ्या मनातून अजून जात नाहीत.

शेठना त्या शेडच्या पश्चिम बाजूला तीन लोडिंग बे काढायचे होते. जुन्या भिंतीवर नव्वदच्या दशकातला जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नालीदार पत्रा आहे आणि त्यावर नंतर कधीतरी फिकट निळा ऑइलपेंट मारलेला आहे. नव्या बेच्या भागाला रंगीत गॅल्व्हल्यूम पत्रा लागणार होता. संपूर्ण भिंतीचाच पत्रा बदलावा की फक्त नव्या भागाचा, हा त्यांच्यापुढचा खर्चाचा प्रश्न होता, आणि होणाऱ्या भाडेकरूलाही तेच चित्र दाखवायचे होते. म्हणजे जुने आणि नवे शेजारी शेजारी कसे दिसेल, हेच त्या चित्राने सांगायचे होते. अशा कामात गंज आणि मळ हाच विषय असतो.

आमच्या क्षेत्रात जुनेपणा दाखवण्याची एक सोपी पद्धत रूढ झाली आहे. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये कडा ओळखणारे `Pointiness` वापरून प्रत्येक कडा खरवडायची, तयार संग्रहातला गंजाचा पोत त्यावर पसरायचा आणि काम संपले असे मानायचे. नालीदार पत्र्यावर ही पद्धत हमखास खोटी ठरते, कारण भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा ही एक कडाच असते, आणि मग जमिनीपासून छपरापर्यंत सगळे उंचवटे सारखेच झिजलेले दिसतात. पत्रा घासणाऱ्या गोष्टी म्हणजे हातगाडी, फोर्कलिफ्ट आणि टेकवून ठेवलेले लाकडी पॅलेट. त्यांची झीज साधारण दीड मीटर उंचीपर्यंत असते. सात मीटरच्या भिंतीच्या माथ्यावर कोण जाऊन पत्रा घासणार, हा प्रश्न चित्र करणाऱ्याने स्वतःला विचारायलाच हवा.

रंगाच्या पोपड्यांचेही तसेच आहे. संग्रहातल्या जवळजवळ प्रत्येक पोतात रंग उडाला की खाली तांबडा गंज असतो. जस्ताच्या पत्र्यावर तसे होत नाही. ऑइलपेंटमधील तेलकट घटकाची जस्ताशी प्रक्रिया होऊन दोहोंच्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो, पकड सुटते आणि रंग मोठमोठ्या पोपड्यांनी निघतो. खाली दिसते ते निस्तेज राखाडी जस्त. ओल धरून राहणाऱ्या सांध्यात त्यावर पांढरी भुकटी धरते. तांबडा गंज येतो तो जस्त संपून लोखंड उघडे पडल्यावरच: कापलेल्या कडांना, बोल्टच्या भोकांभोवती आणि पावसाचे पाणी जोत्यावरून उडून जिथे लागते त्या तळाच्या पट्ट्यात. म्हणून मी या भिंतीसाठी एकावर एक तीन थर केले: वर निळा रंग, त्याखाली जस्त, सर्वांत खाली गंज. यांपैकी फक्त उघड्या जस्ताला `Metallic` पूर्ण दिले. रंग आणि गंज या दोघांनाही शून्य. रंगवलेल्या पत्र्याला धातूसारखी चमक देणे हा इतका सर्रास आढळणारा दोष आहे, की पुष्कळ ग्राहकांना आता तीच चमक खरी वाटू लागली आहे.

पत्र्याची नाली मात्र खऱ्या भूमितीने काढावी लागली. जुन्या पत्र्याची लाट गोल होती आणि दर 75 मिलिमीटरला एक अशी येत होती. नव्या पत्र्याचे चौकोनी उंचवटे 250 मिलिमीटरवर होते. भिंत 45 मीटर लांब आणि चित्रात तिला सुमारे 3600 पिक्सेल मिळत होते, म्हणजे जुन्या लाटेच्या वाट्याला 6 पिक्सेल आणि नव्या उंचवट्याच्या वाट्याला 20. एवढ्यात दोन्ही नीट दिसतात. पण तेच चित्र फोनवर 900 पिक्सेलपर्यंत आक्रसले की जुन्या लाटेला दीडच पिक्सेल उरतो, आणि भिंतीवर पाण्याच्या तरंगांसारखे भलतेच पट्टे उमटतात. शेठ सगळे फोनवरच पाहतात, हे ठाऊक असल्याने लहान चित्र मोठ्यातून न आक्रसता मी त्याच आकारात वेगळे रेंडर केले. त्यात लाट वेगळी दिसत नाही, पण भिंत शांत आणि सलग राहते.

उन्हाची वेळ ठरवताना शेठनी संध्याकाळचे सोनेरी ऊन मागितले होते. पश्चिमेच्या भिंतीवर ते ऊन जवळजवळ समोरून येते, उंचवट्यांच्या सावल्या पडत नाहीत आणि पत्रा सपाट पुठ्ठ्यासारखा दिसतो. मी डिसेंबरातली दुपारी दोनची वेळ घेतली. तेव्हा बडोद्यात सूर्य दक्षिणेकडून थोडासाच पश्चिमेला कललेला असतो, ऊन भिंतीला घासून जाते आणि प्रत्येक नालीची एक बाजू उजळ तर दुसरी सावलीत राहते.

बेचा भाग मी विशेष मन लावून केला. जोत्याची उंची 1.2 मीटर, कारण ट्रकचा हौदा साधारण त्या उंचीला येतो. धक्क्याच्या कडेला बसवलेला लोखंडी अँगल मी गंजलेला दाखवला नाही, कारण रोज माल घासून तो चकाकत राहतो. शटरच्या उभ्या पट्ट्या तळाशी वाकवल्या. तेलाचे डाग धक्क्यालगत टाकण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण ट्रक धक्क्याला पाठ लावून उभा राहतो आणि इंजिन पुढे केबिनखाली असते, त्यामुळे गळणारे तेल धक्क्यापासून सात ते दहा मीटर दूर पडते. शेजारच्या शेडच्या आवारात हे मी प्रत्यक्ष पाहिले होते.

जुन्या भिंतीवरचे डाग मात्र कल्पनेने काढायचे नाहीत, असे मी आरंभीच ठरवले होते. समोरची गल्ली अरुंद आणि तिथे कायम ट्रक उभे, त्यामुळे पूर्ण भिंत एका नजरेत येतच नाही. मी जागा मिळेल तिथून तुकड्या-तुकड्याने छायाचित्रे घेतली, त्यांचा तिरपेपणा काढून ती एकमेकांना जोडली आणि प्रत्येक डाग त्याच्या खऱ्या जागी चित्रातल्या भिंतीवर बसवला. बोल्टचे डोके या अंतरावरून जेमतेम दोन पिक्सेलचे असते. ते दिसो न दिसो, त्याखाली उतरलेली गंजाची रेघ दिसते आणि डोळा त्या रेघेवरूनच बोल्टची रांग ओळखतो.

चित्र दाखवायला गेले तेव्हा शेडची देखभाल पाहणारे काका तिथे होते. ते बडोद्यातल्या जुन्या मराठी वस्तीच्या दांडिया बाजारचे, त्यामुळे आमचे बोलणे मराठीतच झाले. त्यांनी बेकडे पाहिलेच नाही. उत्तरेकडच्या टोकाजवळ बोट ठेवून ते म्हणाले, "ताई, हे ओघळ तुम्ही मनाने काढलेत, की आहेत तिथे?" मी मूळ छायाचित्रे उघडून दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "पन्हळ बाहेर सांडत असती, तर ओघळ पत्र्याच्या माथ्यापासून निघाले असते. हे सगळे मधूनच निघतायत, एका रेषेत. पाणी आतून येतंय."

ते म्हणाले तसेच होते. सलग काही बोल्टांखालचे ओघळ साडेचार मीटर उंचीवर, नेमके पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यावर बोल्टने बसवतात त्या आडव्या लोखंडी पट्टीच्या रेषेवर सुरू होत होते. त्यांच्या वरचा पत्रा तुलनेने स्वच्छ होता. तुंबलेल्या पन्हळीतून पाणी आतल्या बाजूला उतरत असावे, पत्र्याच्या मागून वाहत पर्लिनवर साचत असावे आणि बोल्टच्या भोकांतून बाहेर पडत असावे, असा काकांचा तर्क होता. त्या बोल्टांचे डांबरी वॉशर केव्हाच वाळून तडकले होते. समोर ट्रक उभे असल्याने इतकी वर्षे ही रेषा कोणालाही सलग दिसली नव्हती. चित्रात ट्रक नव्हते.

शेठनी हे ऐकून घेतले आणि तेवढे ओघळ पुसून टाकायला सांगितले. भाडेकरू पुठ्ठ्याची खोकी साठवणार होता, म्हणजे ओलीच्या बाबतीत सर्वांत नाजूक माल. बाकीचा गंज राहू द्या, त्याने चित्र खरे वाटते, असेही ते म्हणाले. मला या सांगण्याचाच राग आला. बाकीचा सगळा गंज मी एवढ्या काळजीने खरा केला, तो त्या एका जागेच्या खोटेपणाला साक्षीदार म्हणून उभा राहणार होता.

मी त्यांना सांगितले की ओघळ काढायचे तर त्यामागची दुरुस्तीही चित्रात यायला हवी: नवी पन्हळ, आणि त्या पट्ट्यात बदललेले पत्रे. तसे दुसरे चित्र मी करूनही दिले. बदललेले पत्रे त्यात साहजिकच उजळ दिसतात, जुन्या निळ्या भिंतीवर ठिगळ स्पष्ट कळते. शेठना ठिगळ आवडले नाही. शेवटी त्यांनी पहिलेच चित्र घेतले आणि उत्तरेकडचे टोक कापून भाडेकरूला पाठवले. कापलेल्या चित्रात खोटे काहीही नाही. तरीही जे दाखवायला हवे होते ते त्यात नाही, आणि चित्र करणारीची जबाबदारी चौकटीच्या कडेपाशी संपते का, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. माझ्या व्यवसायातले बहुतेकजण ती संपते असेच मानतात. मला ते पटत नाही, पण कापलेली प्रत परत घ्या असे म्हणण्याचा अधिकार मला करारात कुठेही नव्हता.

काकांनी मात्र निघताना माझ्याकडून आणखी एक गोष्ट मागून घेतली. त्यांना पन्हळ उघडायला येणाऱ्या फॅब्रिकेटरला दाखवायला त्या टोकाचे सरळ समोरून घेतलेले चित्र हवे होते. मी ऊन-सावली काढून टाकली, प्रत्येक पर्लिनची जोत्यापासूनची उंची लिहिली, बोल्टांच्या रांगांना क्रमांक दिले आणि गळणारे बोल्ट लाल रंगाने दाखवले. ते दिसायला अगदी रूक्ष चित्र आहे. काकांनी त्याच्या दोन प्रती छापून घेतल्या, एक फॅब्रिकेटरसाठी आणि एक शेठच्या टेबलावर ठेवण्यासाठी.