सातातून तिप्पट की तिपटीतून सात? : प्रश्नपत्रिकेच्या भाषांतराचा एक दिवस

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात आठवीच्या मुलांसाठी शिक्षकच मिळून एक सराव परीक्षा घेतात. गणित आणि विज्ञानाचा पेपर दोन भाषांत काढावा लागतो. एकाच शाळेत, कधी एकाच वर्गात, सेमीची मुलं हे दोन विषय इंग्रजीतून शिकतात आणि बाकीची मराठीतून. गुणांची यादी मात्र एकच लागते. त्यामुळे माझ्याकडे येणारं काम वरवर सोपं दिसतं: इंग्रजीतला पेपर मराठीत करायचा.

पेपर काढणारे सर गणितात मुरलेले. सेमीच्या वर्गांना शिकवतात म्हणून प्रश्न इंग्रजीतच लिहितात. कॉम्प्युटर खोलीचं दार लावून, मोबाइल बाहेर जमा करून आम्ही बसलो, तेव्हा त्यांनी आधीच बजावलं, "मॅडम, भाषांतर करा, प्रश्नाला हात लावू नका. काठिण्यपातळी ठरवूनच लिहिलेत."

आमच्याकडे तपासणीची एक पद्धत ठरलेली आहे. मी मराठी करते. मग दुसऱ्या एक तरुण मॅडम मूळ इंग्रजी न बघता, फक्त माझं मराठी वाचून पुन्हा इंग्रजी करतात. त्यांचं इंग्रजी आणि सरांचं इंग्रजी शेजारी ठेवलं की अर्थ कुठे निसटला ते दिसतं. या उलट भाषांतराचा फार उपयोग होतो. "किमान" गळलं, "प्रत्येकी" राहून गेलं, असल्या गोष्टी तिथे लगेच सापडतात.

त्या दिवशीचा बीजगणिताचा प्रश्न असा होता: 'सेव्हन लेस दॅन थ्री टाइम्स अ नंबर' यासाठी योग्य राशी निवडा. पर्याय चार होते: 3x − 7, 7 − 3x, 3(x − 7) आणि 7x − 3. मी मराठी केलं, "एका संख्येच्या तिपटीपेक्षा ७ ने कमी". उलट भाषांतरात अर्थ जसाच्या तसा परत आला. सरांनी पुढच्या प्रश्नाकडे बोट नेलं.

मला मात्र ती दोन वाक्यं शेजारी ठेवून चैन पडेना. मराठी वाक्य वाचत जा आणि दिसेल तसं लिहीत जा: आधी तिप्पट, मग सात, मग कमी. हातातून आपोआप 3x − 7 उतरतं. इंग्रजी वाक्य तसंच वाचत लिहा: आधी सात, मग कमी, मग तिप्पट. हातातून 7 − 3x उतरतं, आणि ते चूक आहे. म्हणजे मराठीतल्या मुलाला न समजता उत्तर मिळतं आणि सेमीच्या मुलाला तसंच न समजता लिहिलं तर शून्य मिळतो. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच, पण ती दोन वेगळ्या परीक्षा घेतात. उलट भाषांतराला हे कधीच दिसणार नाही, कारण ते अर्थ तोलतं. वाचणाऱ्याला किती पावलं टाकावी लागतात, हे त्यात येत नाही.

सरांना पटलं नाही. "लेकरं इंग्रजीतून शिकतात, त्यांना एवढं यायलाच पाहिजे की." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. वर्गात ती शब्दरचना शिकवलेली असते. म्हणून वाद घालण्याऐवजी नववीतली दोन मुलं बोलावली. आठवीच्या परीक्षेशी त्यांचा संबंध नसल्याने पेपर फुटायची भीती नव्हती. एक सेमीचा मुलगा, एक मराठी माध्यमाची मुलगी. दोघं गणितात साधारण सारखी. दोघांना वेगवेगळं बसवून सांगितलं, मनात जे येईल ते मोठ्याने बोलत सोडवा.

मुलीने वाक्य संपायच्या आत बरोबर पर्यायाला खूण केली. मुलाने 7 − 3x ला केली. मग सरांनीच त्याला विचारलं, "कशातून काय कमी करायचं?" तो म्हणाला, "तिपटीतून सात काढायचे." त्याला समजलं होतं. मग मुलीला विचारलं, "हेच का निवडलंस?" ती म्हणाली, "आधी तिप्पट आली, मग सात आला, तसंच लिवलंय." तिला समजलं होतं की नाही, हे तिच्या उत्तरावरून कळतच नव्हतं.

दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी सरांना आधीच म्हटलं. पण ज्या कारणाने शंका आली होती, तेच कारण मुलांच्या तोंडून ऐकायला मिळालं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी तो प्रश्न विचारला जो भाषांतर करणाऱ्याने विचारलाच पाहिजे: "सर, या प्रश्नातून तुम्हाला नेमकं काय तपासायचंय?"

ते म्हणाले, "कशातून काय वजा होतं, हे पोराला कळतं का, तेवढंच."

मग वाट मोकळी झाली. दोन पर्याय होते. इंग्रजी वाक्य सरळ करून तिप्पट आधी आणायची. मग प्रश्न दोन्हीकडे सारखा सोपा होतो, पण सरांना जे तपासायचं ते कुठेच तपासलं जात नाही. किंवा दोन्हीकडे सात आधी आणायचा. आम्ही दुसरी वाट घेतली. मराठीत लिहिलं, "७ ही संख्या एका संख्येच्या तिपटीतून वजा केली, तर खालीलपैकी कोणती राशी मिळेल?" इंग्रजीतही सरांनी 'लेस दॅन' काढून टाकलं आणि सात वजा केला असता काय मिळेल, असं साधं वाक्य केलं. 'लेस दॅन'चा आणखी एक त्रास होता. त्याच्याआधी 'इज' आलं की तेच शब्द लहान-मोठेपणाचं चिन्ह मागतात, आणि मुलं तिथेही गोंधळतात. आता मराठी वाक्यातही दिसेल तसं लिहिणारं लेकरू 7 − 3x कडे जाणार होतं. चुकीचा पर्याय दोन्ही भाषांत सारखाच जिवंत झाला.

मूळ प्रश्न बदलला होता, आणि सरांनीच बदलला होता. मला वाटतं, दोन भाषांतल्या पेपरात इंग्रजीला मूळ आणि मराठीला प्रत मानलं की अर्धी लढाई तिथेच हरते. काही प्रश्नांत मराठी कितीही घासूनपुसून लिहिलं तरी वजन सारखं होत नाही. तिथे मूळ वाक्यालाच हलावं लागतं.

पुढच्या विज्ञानाच्या पेपरात उलटा प्रकार निघाला. पेशीचं ऊर्जाकेंद्र कोणतं, असा प्रश्न होता. एका शिक्षकांनी आधीच मराठी करून ठेवलं होतं: "पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणून ______ ओळखली जाते." पर्याय होते केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक आणि रिक्तिका. इंग्रजीत चारही पर्याय रिकाम्या जागेत नीट बसतात. मराठीत "ओळखली" म्हटल्याबरोबर केंद्रक आणि हरितलवक बाद होतात, कारण दोन्ही नपुंसकलिंगी. विज्ञानाचं पान न उघडलेल्या मुलालाही चारातले दोनच उरतात. क्रियापदाचं लिंग, विशेषणाचा शेवट, "कोणता, कोणती, कोणते" यांतला एक स्वर, मराठी बहुपर्यायी प्रश्नात उत्तर इथूनच गळतं. इंग्रजीच्या डोळ्यांनी बघणाऱ्याला ते दिसत नाही. मी लिहिलं, "पेशीचे ऊर्जाकेंद्र कशाला म्हणतात?" 'कशाला' सगळ्या लिंगांना चालतं. तेव्हापासून मी प्रत्येक रिकाम्या जागेत चारही पर्याय घालून मोठ्याने वाचते. एखादा कानाला खटकला की वाक्य मोडायचं.

त्रिकोणाचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही. समद्विभुज त्रिकोणाचा शिरःकोन ४०° आहे, तर पायालगतचा प्रत्येक कोन किती? उत्तर ७०°. आपल्या संज्ञेतच सम, द्वि आणि भुजा आहेत, व्याख्या नावातच लिहिलेली. सेमीच्या मुलाला 'आयसोसेलिस' हा शब्द पाठ असेल तरच पुढे जाता येतं. आपल्या संज्ञा अशा बोलक्या आहेत याचा मला अभिमान आहे, आणि मराठीत शिकणाऱ्या मुलाचा तो हक्काचा फायदाही आहे. पण इथे व्याख्या तपासायची नव्हती, कोनांची बेरीज तपासायची होती. म्हणून दोन्हीकडे आकृती दिली आणि समान बाजूंवर खुणा केल्या. फरक कमी झाला. पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही.

पेपर तपासून झाल्यावर आम्ही एक काम आवर्जून केलं. नुसती दोन्ही माध्यमांची सरासरी लावून काही कळत नाही. एका गटात हुशार मुलं जास्त असली तर प्रत्येकच प्रश्नात फरक दिसणार. म्हणून एकूण गुण जवळपास सारखे असलेली मुलं वेगळी काढली आणि मग एकेक प्रश्न बघितला. सारख्याच ताकदीची मुलं एखाद्याच प्रश्नात माध्यमानुसार फुटत असतील, तर संशय त्या प्रश्नावर घ्यायचा. आमची संख्या लहान, त्यामुळे ठाम निष्कर्ष काढता येत नाही. पण कुठे बघायचं, एवढं कळतं. बीजगणिताच्या त्या प्रश्नात 7 − 3x ला दोन्हीकडची मुलं सारखीच फसली होती.

मुलं माध्यमानुसार जिथे फुटली, तो प्रश्न आमच्यापैकी कोणाच्या मनातही नव्हता. सरळव्याजाचा. मराठीत "द.सा.द.शे. १० दराने" आणि इंग्रजीत वर्षाला १० टक्के. इथे मराठीची मुलं मागे पडली. काहींना बोलावून विचारलं, तर सूत्र येत होतं, गुणाकार येत होता, पण या अक्षरांचं पूर्ण रूप दर साल दर शेकडा आहे, हे सांगता येत नव्हतं. त्यामुळे मुदत महिन्यांत दिलेली असताना वर्षात बदलायची, हे त्यांना सुचलंच नाही.

सर म्हणाले, पाठ्यपुस्तकात हाच शब्द आहे, मग तो काढायचा कसा? मलाही तो काढायचा नव्हता. मुलांना तो आला पाहिजे. शेवटी असं ठरलं की व्याज काढायच्या प्रश्नात दोन्ही भाषांत वार्षिक १० टक्के असंच लिहायचं, आणि द.सा.द.शे.चा अर्थ विचारणारा एक वेगळा प्रश्न वर्गातल्या चाचणीत ठेवायचा. त्या चाचणीला सामायिक गुणवत्ता यादी नसते, म्हणून त्याचं इंग्रजी करायची गरजच पडणार नाही.