कार्यपद्धतीच्या प्रकरणातले साम्य : माझा अनुभव

रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या मळ्यांमधील मातीवरचा माझा प्रबंध जमा करण्यापूर्वी साम्यता-तपासणीला गेला, तेव्हा एकूण २२ टक्के साम्य निघाले आणि त्यातले बहुतेक कार्यपद्धतीच्या प्रकरणात होते. सेंद्रिय कर्बाचा परिच्छेद तर जवळजवळ सबंध रंगलेला होता. वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ सालची पद्धत सगळे जण त्याच क्रमाने करतात: एक ग्रॅम माती, एक नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट १० मिली, तीव्र सल्फ्युरिक आम्ल २० मिली, मग ३० मिनिटे थांबणे. एवढे सांगायला शब्द तरी किती वेगळे असणार, असेच मी मार्गदर्शक मॅडमना म्हणाले.

त्याआधी एका मित्राच्या सल्ल्याने मी शब्द बदलून पाहिले होते. स्फुरदाच्या ऑल्सेन पद्धतीत ‘शेकन’च्या जागी ‘स्टर्ड’ घातले. मॅडमनी तिथेच पेन्सिल ठेवली. बाटली यंत्रावर अर्धा तास हलवणे वेगळे आणि काचेच्या कांडीने ढवळणे वेगळे. टक्केवारी उतरली, पण मी न केलेली कृती प्रबंधात शिरली.

मग त्यांनी प्रयोगवही मागवली आणि खरी गोम तिथे निघाली. शेणखत भरपूर पडलेल्या मळ्यांतील चार नमुन्यांत आम्ल घातल्यावर द्रावण अनुमापनाआधीच हिरवे झाले होते, म्हणजे डायक्रोमेट संपले होते, आणि ते नमुने मी अर्धा ग्रॅम माती घेऊन पुन्हा केले होते. प्रबंधात मात्र सरसकट ‘एक ग्रॅम’ होते, कारण तो परिच्छेद मी विभागातील एका जुन्या प्रबंधातून उचलला होता. खाली संदर्भ १९३४ चा दिला होता, त्यामुळे पद्धतीचे श्रेय बरोबर पोचले. वाक्ये ज्याची होती त्याचे नाव कुठेच नव्हते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि सर्वसाधारण संज्ञा, प्रमाण चिन्हे व समीकरणे तपासणीतून वगळता येतात. उचललेला अख्खा परिच्छेद त्या सवलतीत बसवणे मला पटले नाही. म्हणून जुना प्रबंध बंद करून वहीवरून नव्याने लिहिले. नेहमीची कृती मूळ संदर्भ देऊन दोन ओळींत आटोपली. अर्ध्या ग्रॅमचे नमुने, त्यांचे क्रमांक आणि हिरव्या रंगाचे कारण मात्र सविस्तर दिले. उपकरणांच्या जुळणीचे वर्णन त्या जुन्या प्रबंधातूनच घ्यावे लागले, तिथे त्याचा स्पष्ट निर्देश केला.

दुसऱ्या तपासणीत एकूण साम्य ९ टक्के आले. ‘३० मिनिटे’, ‘डायफिनिलअमाइन दर्शक’ असले तुकडे तरीही रंगलेलेच राहिले. ते मी तसेच ठेवले आणि प्रत्येक तुकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे एका पानावर लिहून अहवालासोबत समितीला दिले.