शेजारच्या आठाची सावली : चार आकड्यांच्या डिस्प्लेचा माझा अनुभव

डिप्लोमाच्या मिनी प्रोजेक्टसाठी मी मायक्रोकंट्रोलर न वापरता चार आकड्यांचा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले चालवला. नुसत्या काउंटर, डिकोडर आणि मल्टिप्लेक्सरवर. सगळी जोडणी दोन संध्याकाळींत झाली आणि पुढचे अकरा दिवस एकाच गोष्टीत गेले. डिस्प्लेवर शेजारच्या आकड्याची अंधूक सावली पडत होती. ती का पडते हे मला कुणी नीट सांगितलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी मांडणी थोडक्यात. या डिस्प्लेला बाराच पिना असतात. चारही आकड्यांचे सेगमेंट आतून एकत्र जोडलेले असतात आणि प्रत्येक आकड्याचा कॉमन तेवढा वेगळा. त्यामुळे एका वेळी एकच आकडा पेटवायचा आणि हे इतक्या भराभर फिरवायचं की डोळ्याला चारही पेटलेले दिसावेत. ५५५ क्लॉक देतो, ३९३ काउंटर मोजतो. त्याचे दोन बिट एकाच वेळी दोन ठिकाणी जातात. १३९ डिकोडर त्यावरून चारपैकी एक कॉमन निवडतो आणि १५३ मल्टिप्लेक्सर त्याच आकड्याची माहिती पुढे ७४४७ ला देतो. ७४४७ त्या चार बिटांवरून सेगमेंट पेटवतो. ७४४७ सोडून बाकी लॉजिक आयसी एचसी जातीच्या घेतल्या. आकडे द्यायला चार डीआयपी स्विच, आणि चारही कॉमनवर एकेक बीसी५५७ ट्रान्झिस्टर.

मल्टिप्लेक्सरपाशी आमच्या बॅचमधले निम्मे चुकले, म्हणून सांगते. एका १५३ मध्ये दोन मल्टिप्लेक्सर असतात, म्हणजे दोन आयसीत चार. प्रत्येक मल्टिप्लेक्सरच्या चार इनपुटला एकाच आकड्याचे चार बिट लावायचे नाहीत. चारही आकड्यांचा तोच एक बिट लावायचा. पहिला मल्टिप्लेक्सर सगळ्यांचा ए बिट सांभाळतो, दुसरा सगळ्यांचा बी. कागदावर चार रंगांनी काढलं की पाच मिनिटांत कळतं.

पहिल्यांदा ५५५ ला १ के आणि ६.८ के रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला होता. क्लॉक साधारण १०० हर्ट्झ आला, म्हणजे प्रत्येक आकडा सेकंदाला पंचवीसच वेळा पेटत होता. चांगलाच लुकलुकत होता. कपॅसिटर बदलून १० नॅनोफॅरडचा लावला, क्लॉक १० किलोहर्ट्झच्या आसपास गेला आणि लुकलुक थांबली. मी मैत्रिणीला हाक मारली, आणि तिनेच विचारलं, "अगं, ह्या एकाच्या मागे आठ का दिसतोय?"

स्विचवर १८११ लावलेलं होतं. सगळ्यांत डावीकडच्या १ च्या उरलेल्या सेगमेंटमध्ये मंद लाल उजेड होता आणि त्याचा आकार स्पष्ट ८ चा होता. ट्यूबलाइट बंद केल्यावर तर तो आणखी उठून दिसला.

सर म्हणाले, "सप्लायला कपॅसिटर टाक." प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनांपाशी १०० नॅनोफॅरड टाकला. ते टाकायलाच हवेत, पण सावली तशीच. लॅब असिस्टंट म्हणाले ब्रेडबोर्ड लूज असेल. सगळं उपटून दुसऱ्या ब्रेडबोर्डवर लावलं, एक अख्खा शनिवार गेला. सावली तशीच. ऑसिलोस्कोप मागितला तर तो कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या मॅडमकडे. रजिस्टरमध्ये नाव लिहून चार दिवस थांबले. त्या चार दिवसांचा राग अजून गेलेला नाही, कारण स्कोप हातात आल्यावर उत्तर वीस मिनिटांत मिळालं.

तरी त्या चार दिवसांत स्कोपशिवायही दोन गोष्टी कळल्या. त्या कुणालाही घरी करून बघता येतील.

पहिली गोष्ट म्हणजे सावली कुठल्या बाजूला पडते ते बघायचं. माझा डिस्प्ले डावीकडून उजवीकडे फिरत होता. ८ ची सावली त्याच्या आधी पेटणाऱ्या आकड्यावर होती, नंतरच्या १ वर अजिबात नव्हती. मल्टिप्लेक्सर आणि ७४४७ ला माहिती बदलायला उशीर होत असता, तर तिसरा आकडा पेटल्यावरही जुना ८ क्षणभर टिकला असता आणि सावली तिसऱ्यावर दिसली असती. इथे उलटं होतं. माहिती वेळेत बदलत होती, पण पहिला आकडा वेळेत विझत नव्हता.

दुसरी गोष्ट क्लॉकची. कपॅसिटर १०० नॅनोफॅरड केला की क्लॉक १ किलोहर्ट्झ होतो. तेव्हा सावली जवळजवळ गेली. म्हणजे प्रत्येक बदलाच्या वेळी वाया जाणारा वेळ ठरावीक होता. एका आकड्याला मिळणारा वेळ जितका कमी, तितका त्यातला सावलीचा हिस्सा मोठा. क्लॉक १ किलोहर्ट्झवरच ठेवला असता तर काम भागलं असतं, पण अंधारात बारीक उजेड दिसतच होता आणि मला तो तसा सोडायचा नव्हता.

मग स्कोप आला. एक प्रोब १३९ च्या आउटपुटवर लावला, दुसरा त्याच आकड्याच्या बीसी५५७ च्या कलेक्टरवर. १३९ चं आउटपुट वर गेलं, म्हणजे "विझ" असं सांगितलं गेलं, आणि त्यानंतरही कलेक्टर चार-एक मायक्रोसेकंद पाच व्होल्टच्या जवळच बसून राहिला. एका आकड्याला १०० मायक्रोसेकंद मिळत होते. त्यातले चार म्हणजे चार टक्के. चार टक्के उजेड अंधारात डोळ्याला सहज दिसतो.

कारण ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये आहे. माझा बेस रेझिस्टर १ के. चालू करताना त्यातून साधारण ४.२ मिलिअँपिअर वाहतात आणि ट्रान्झिस्टर पुरता सॅच्युरेट होतो, बेसमध्ये चार्ज साठतो. बंद करताना १३९ चं आउटपुट पाच व्होल्टला जातं आणि तो चार्ज त्याच रेझिस्टरमधून बाहेर पडायला हवा. पण त्याला ढकलायला बेस-एमिटरचे ०.७ व्होल्टच असतात, म्हणून करंट मिळतो ०.७ मिलिअँपिअर. भरताना सहापट जोर आणि रिकामं करताना एकपट. म्हणून चालू पटकन होतं आणि बंद व्हायला वेळ लागतो.

उपाय ठरला : दोन आकड्यांच्या मध्ये थोडा वेळ सगळं विझवायचं, म्हणजे ब्लँकिंग. काउंटरचे चार बिट होतेच. आता खालचे दोन बिट एका आकड्याच्या वेळेचे चार भाग करण्यासाठी घेतले आणि वरचे दोन आकडा निवडण्यासाठी. क्लॉक १० किलोहर्ट्झच राहिला, प्रत्येक आकड्याला ४०० मायक्रोसेकंद मिळाले आणि त्यातले १०० विझलेले ठेवायचे ठरले. १३९ ला इनेबल पिन असते, ती हाय केली की चारही आउटपुट बंद. पेटीत एक ०२, म्हणजे नॉर गेटची आयसी होती. खालचे दोन्ही बिट शून्य असताना नॉर हाय देतो. लावला.

आकड्याचा वेळ चौपट झाल्याने सावली मंद झाली, पण गेली नाही. त्या संध्याकाळी मला रडू यायचं बाकी होतं.

रात्री वहीत वेळेचं चित्र काढलं तेव्हा चूक सापडली. दोन्ही बिट शून्य असणं म्हणजे नव्या आकड्याच्या वेळेचा पहिला पाव भाग. मी तिथे डिकोडर बंद करत होते. पण त्याच क्षणी मल्टिप्लेक्सरने नवीन माहिती आणलेली असते, सेगमेंटवर ८ येऊन बसलेला असतो, आणि जुना ट्रान्झिस्टर विझायला तेव्हा कुठे सुरुवात करतो. त्याचे ते चार मायक्रोसेकंद ८ वरच पडत होते. मी फक्त नवीन आकडा उशिरा पेटवत होते. जुन्याला विझायला आधी वेळ द्यायचा तो दिलाच नव्हता.

म्हणजे कॉमनच्या बाजूने विझवायचं असेल, तर माहिती बदलण्याच्या आधी विझवायला हवं. शेवटच्या पाव भागात, दोन्ही बिट एक असताना. तिथे अँड गेट लागतो, पण नवीन आयसी आणावी लागली नाही. ०२ मधले दोन नॉर इनपुट जोडून इन्व्हर्टर केले आणि तिसऱ्या नॉरला दिले की अँड तयार. हाच इनेबलला जोडला आणि सावली गेली. खोलीत पूर्ण काळोख करून, डिस्प्लेला नाक लावून पाहिलं. १ च्या मागे काहीच नव्हतं. मी तशीच बराच वेळ बघत बसले.

पहिला पाव भागही वाया जात नाही, फक्त तो दुसऱ्या ठिकाणी लागतो. ७४४७ ला चौथ्या पिनेवर बीआय असतं, ते लो केलं की सगळे सेगमेंट विझतात. सेगमेंटच्या बाजूने विझवायचं असेल तर बदल झाल्याझाल्या, पहिल्या पाव भागात विझवायचं : जुना ट्रान्झिस्टर चालू राहिला तरी त्याच्याखाली पेटायला काही नसतं. त्यासाठी माझ्या पहिल्या नॉरचं आउटपुट उलटं करून दिलं असतं तरी चाललं असतं. तेव्हा शेजारची आरबीआय पिन हाय ठेवायची, नाहीतर तीच चौथी पिन शून्य दाखवताना आतून लो होते.

विझवण्याची किंमत उजेडात मोजावी लागते. पाव भाग गेल्याने डिस्प्ले थोडा मंद झाला. सेगमेंटचे रेझिस्टर २७० ओहमवरून २२० केले. आता एका सेगमेंटला ११ मिलिअँपिअरच्या आसपास जातात, आणि ८ पेटला की बीसी५५७ मधून ऐंशी. त्याची मर्यादा १०० आहे, म्हणून याहून खाली गेले नाही. आणि हे सात रेझिस्टर सेगमेंटच्या तारांतच हवेत. आमच्यातल्या एकाने तीन रेझिस्टर वाचतील म्हणून कॉमनमध्ये लावले, तर त्याचा १ झगमगीत आणि ८ मलूल.

हे खरं तर सुरुवातीलाच सांगायचं होतं : डिस्प्ले घेताना कॉमन अॅनोडच मागा. ७४४७ ला तोच लागतो. ५६४१ नंबरच्या डिस्प्लेत शेवटी बीएस असेल तर अॅनोड, एएस असेल तर कॅथोड. लॅमिंग्टन रोडवरून माझ्या हातात पहिल्यांदा एएस पडला होता. दुकानात उभं राहूनच मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासा. आणि ७४४७ च्या ६ ला वरची आडवी रेघ आणि ९ ला खालची नसते, ती त्या आयसीची पद्धतच आहे. मी त्यापायी एक संध्याकाळ सेगमेंटच्या तारा शोधत बसले होते.

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्विचवर स्वतः ८१८१ लावलं. मी विचारून खिडकीचा पडदा ओढला आणि दिवा बंद केला. ते वाकून दोन्ही एकांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ब्लँकिंग कुठून घेतलंस?" मी वहीतलं वेळेचं चित्र उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.