फळ्या कुठे ठेवायचात? – जुन्या पेठेतले चार दिवस

बाजाराच्या जुन्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला, चार दिवसांत सात दुकानदारांशी बोलायचं ठरवून आम्ही दोघे एका जुन्या पेठेत गेलो होतो. पाचांशीच बोलणं झालं, आणि तेवढंच झेपतं. तासाभराचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात.

पहिला दिवस आम्ही नकाशातच घालवला. दोन्ही बाजूंची दुकानं, पायऱ्या, ओटे, बोळांची तोंडं हातानेच काढली आणि प्रत्येक दुकानाला क्रमांक दिला. हे काम आधी उरका. पुढचं सगळं या कागदावर चालतं.

पहिली मुलाखत वाया गेली, आणि चूक माझ्या प्रश्नाची होती. “पूर्वी बाजार कसा होता?” असं विचारलं. “फार गजबज असायची, आता ती मजा नाही,” एवढंच उत्तर आलं. पुढच्या दिवशी त्याच काकांना विचारलं, “सकाळी कुलूप काढलं की आधी काय करायचात?” ते उठले आणि उंबऱ्यातल्या खाचेत बोट घालून दाखवू लागले. शटरच्या आधी दुकानाला उभ्या फळ्या होत्या. प्रत्येकीवर आकडा, कारण क्रम चुकला तर शेवटची फळी बसायचीच नाही. मी विचारलं, “काढलेल्या फळ्या कुठे ठेवायचात?” त्या बाहेर दोन लाकडी घोड्यांवर आडव्या टाकायच्या आणि त्यावर माल मांडायचा. म्हणजे दुकान दिवसा रस्त्यावर दोन हात पुढे यायचं आणि रात्री आत जायचं. शटर आलं तसं हे थांबलं. शटर नेमकं कधी आलं, ते त्यांना आठवेना. “धाकट्याच्या लग्नाआधी,” एवढं मात्र ठाम होतं. घरी लग्नपत्रिका सापडली आणि साल पक्कं झालं. थेट साल विचारलं की माणूस अंदाजाने सांगतो, म्हणून घरातल्या घटनेला धरून विचारा.

हातगाड्यांवरून मात्र दोघांचं जुळेना. एक म्हणाले, गाड्या आमच्या दारातच लागायच्या; समोरचे म्हणाले, कधीच नाही. नकाशा पुढे ठेवून दोघांना वेळ विचारली. गाड्या माल उतरवून नऊच्या आत निघून जायच्या आणि समोरचं दुकान दहाला उघडायचं. दोघंही खरं बोलत होते. तेव्हापासून नकाशावर प्रत्येक खुणेशेजारी वेळ लिहितो.

“इथे”, “तिकडे” हे शब्द नंतर ऐकताना निरुपयोगी ठरतात. त्यांनी बोट दाखवलं की आपण मोठ्याने म्हणा, “म्हणजे उंबऱ्यापासून तीन पावलांवर, बोळाच्या बाजूला.” कॉलर माइक वापरा, पंखा बंद करायची विनंती करा, फाइल डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या स्वरूपात ठेवा. संमती आधीच लेखी घ्या. तरीही उधारी किंवा भावांच्या वाटणीचा विषय निघाला की, हे ठेवायचं का, असं तिथेच विचारा. एका काकांनी नको म्हटलं. तो भाग आम्ही त्यांच्यासमोरच पुसला.

वेळ दुपारची, गिऱ्हाईक कमी असताना. शेवटचा दिवस मोकळा ठेवा. पक्का केलेला नकाशा घेऊन आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा फळीवाल्या काकांनी लगेच चूक काढली: पहिली फळी डावीकडून नाही, उजवीकडून बसायची.