एक की नऊ: मॅक्नेमारच्या तक्त्याची दुरुस्ती

सर्पदंश प्रशिक्षणाने उत्तरांत काहीच फरक पडला नाही, हा गेल्या नोंदीतला निष्कर्ष मी मागे घेत आहे. गणित बरोबर होते, पण मोबाइलवर आलेल्या छायाचित्रातले हस्तलिखित आकडे मी चुकीचे वाचले होते.

‘साप चावल्यावर घट्ट आवळपट्टी बांधावी का?’ हा प्रश्न ४० जणांना प्रशिक्षणाआधी आणि नंतर विचारला होता. योग्य उत्तर ‘नाही’. आधी ‘हो’ व नंतर ‘नाही’ म्हणणारे १० आणि दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणणारे १०, हे स्पष्ट दिसत होते. दोन्ही वेळा ‘हो’ म्हणणारे मी ११ वाचले आणि ‘नाही’वरून ‘हो’कडे गेलेले ९. घाईत लिहिलेले १ आणि ९ तसेही सारखेच दिसतात, त्यात फोनच्या ‘स्कॅन’ फिल्टरने फिकट रेषा पुसून टाकल्या होत्या. (हा फिल्टर तक्त्यांसाठी वापरूच नये, साधा फोटो बरा.)

बेरजेवरून चूक कळायला हवी होती, पण तिनेच घात केला. ११ आणि ९ मिळून २०, तसे १९ आणि १ मिळूनही २०. हे दोन्ही आकडे ‘नंतर हो’ या एकाच स्तंभात असल्यामुळे खालच्या २०, २० आणि ४० या बेरजा दोन्ही वाचनांशी जुळत होत्या. फरक फक्त आडव्या ओळींच्या बेरजेत पडला असता, आणि छायाचित्राची नेमकी तीच उजवी कड कापली गेली होती.

मॅक्नेमार चाचणी फक्त मत बदललेल्यांकडे पाहते, म्हणून या एका आकड्यावर सारे अवलंबून होते. १० विरुद्ध ९ असेल, तर पी-मूल्य १ येते. १० विरुद्ध १ असेल, तर मात्र:

```
binom.test(1, 11)
p-value = 0.01172
```

काल आयोजकांकडून प्रशिक्षणाआधीचे कागद मिळाले. त्यांतले ‘हो’ मी दोनदा मोजले, २९ भरले. म्हणजे १९ अधिक १०, आणि संशयित आकडा १. मत बदललेले ११च असल्यामुळे काय-वर्गाऐवजी नेमकी द्विपद चाचणी घेतली. सातत्य-दुरुस्तीसह काय-वर्गाने ०.०१५९ येते, म्हणजे कौल तोच.

तरीही १९ जण आवळपट्टीच्या बाजूनेच राहिले, आणि ते या पी-मूल्यात कुठेच दिसत नाहीत. शिवाय तुलनेसाठी प्रशिक्षण न घेतलेला गट नसल्यामुळे बदलाचे सारे श्रेय प्रशिक्षणाला देता येणार नाही.

पुढच्या वेळी ओळींच्या बेरजाही मागायच्या, असे ठरवले होते. पण हे लिहिताना वाटते की तक्ताच मागू नये: ४० ओळींची यादी, प्रत्येकीत आधीचे व नंतरचे उत्तर अक्षरांत ‘हो’ किंवा ‘नाही’ असे. मोजणी मी करीन.