कुलूपबंद घर आणि 'पत्ता सापडत नाही' हा शेरा

नोव्हेंबरमधली केस. पुण्यातल्या एका कंपनीत लागलेल्या मुलाचा कायमचा पत्ता तपासायचा होता. फॉर्मवर लिहिलं होतं: मुक्काम पोस्ट अमुक बुद्रुक, तालुका धारूर, जिल्हा बीड, घर स्वतःचं, राहण्याचा कालावधी जन्मापासून आजपर्यंत. मी कंपन्यांसाठी पत्ते पडताळणाऱ्या एजन्सीचा एजंट. माझ्याकडे केस येण्याआधी या पत्त्यावर एक फेरी झाली होती आणि तिचा शेरा होता 'अनट्रेसेबल', म्हणजे पत्ता सापडत नाही.

असा शेरा बारकाईनं वाचावा लागतो. घर सापडलं पण कुलूप आहे, तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा जायचं असतं. घरच सापडलं नाही, तर केस उमेदवाराकडे जास्तीच्या माहितीसाठी परत जाते आणि तिथं दिवस जातात. 'शिफ्टेड', म्हणजे इथून सोडून गेले, असं लिहिलं तर ती विसंगती म्हणून थेट कंपनीच्या एचआरसमोर जाते. तिन्ही वेळा गावात गेलेल्या माणसाला दिसतं एवढंच, की उमेदवार भेटला नाही. यातला कुठला शेरा लिहायचा, हे तो किती विचारपूस करतो यावर ठरतं.

निघण्याआधी उमेदवाराला फोन केला. तो ट्रेनिंगमध्ये होता, दुपारी बोलला. वडिलांचं नाव फॉर्मवर होतंच. मी आजोबांचं नाव विचारलं आणि घर गावठाणात आहे की वस्तीवर, हे विचारलं. तेव्हा कळलं, घर तांड्यावर आहे, गावापासून तीनेक किलोमीटर आत. पोस्ट बुद्रुकचं असल्यामुळे सगळ्या कागदांवर बुद्रुकच लागतं. मुक्काम आणि पोस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिनकोडही पोस्टाचा असतो, गावाचा नसतो. पहिला माणूस बुद्रुकच्या पारावर विचारून परतला होता आणि तिथं या नावाचं कुणी राहतच नव्हतं.

तांड्यावर बहुतेक घरं राठोडांची. उमेदवाराच्या वडिलांच्या नावाचे तिघं निघाले. आजोबांचं नाव सांगितल्यावर एकच घर उरलं: पत्र्याचं छप्पर, दाराला कुलूप, समोरच्या खुंट्यांना जनावरं नाहीत. बीड जिल्ह्यात या दिवसांत हे चित्र ठरलेलं असतं. उसाचं गाळप सुरू झालं की कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, साखर कारखान्याला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. कुलूप पाहून 'डोअर लॉक' लिहून निघालो असतो, तर दुसऱ्या फेरीलाही कुलूपच दिसलं असतं.

शेजारच्या घरी मुलाची आजी भेटली. धाकट्या मुलाकडे झोपायला असते. तिचा पहिला प्रश्न, "पोरानं काय केलं का बाबा?" ही भीती नेहमीची. ओळखपत्र आणि एजन्सीचं पत्र दाखवून सांगावं लागतं की हे पोलिसांचं काम नाही, चारित्र्याची चौकशी नाही, पैसे लागत नाहीत. या भेटीत एजंटला घराच्या खोल्यांत शिरायचा, सामान पाहायचा किंवा जात विचारायचा काहीही अधिकार नाही. कुणी तसं केलं किंवा चहापाण्याला पैसे मागितले, तर कंपनीला कळवावं.

पुढचे प्रश्न साधे असतात, पण ते कसे विचारले याला महत्त्व आहे. "इथं अमुक राहतो का?" असं विचारलं की समोरचा हो म्हणून मोकळा होतो. मी विचारतो, "या घरात कोण कोण राहतं?" आजीनं माणसं मोजली: मुलगा, सून, नातू बाळू, नात. फॉर्मवर बाळू नव्हता, शाळेतलं नाव होतं. हाक मारायचं नाव आणि कागदावरचं नाव एकाच माणसाचं आहे, हे जुळवल्याशिवाय पत्ता पडताळला असं लिहिता येत नाही. आजीनं पेटीतून रेशनकार्ड काढलं. त्यावर कुटुंबातल्या सगळ्यांची नावं असतात, म्हणून खेड्यात मला तोच कागद सगळ्यांत उपयोगी वाटतो. शाळेतलं नाव, वडील आणि आजी एकाच कार्डावर होते. घर कुणाचं, यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा घरपट्टीची पावती चालते. पावती होती आणि मुलाच्या वडिलांच्या नावावर होती. कागद पाहायचे आणि नोंदवायचे. मूळ कागद सोबत न्यायचे नाहीत. कुणी आधार दाखवलंच, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार पुरतं.

मग कालावधी. आजी म्हणाली, "धाव्वीपस्तोर हितंच होता. मंग शिकाया संभाजीनगरला. दिवाळीला, पाडव्याला येतेत सगळे." फॉर्मवर 'जन्मापासून आजपर्यंत' होतं. इथं एजंटनं फॉर्म दुरुस्त करायचा नसतो आणि आजीचं बोलणं गाळायचंही नसतं. दोन्ही जसंच्या तसं लिहायचं. कायमच्या पत्त्यावर कुटुंब राहतं एवढं सिद्ध झालं, तर शिक्षणासाठी बाहेर असल्यानं सहसा अडत नाही. सध्याच्या भाड्याच्या पत्त्याच्या बाबतीत मात्र हेच अंगाशी येतं. उमेदवार दोन वर्षं लिहितो आणि घरमालक सहा महिने सांगतो, तेव्हा अहवालात विसंगतीच जाते.

दोन शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारलं, एकमेकांसमोर नाही. दोघांनी तेच सांगितलं. आजीनं सहीच्या जागी अंगठा दिला. अंगठ्याच्या बाजूला माझी सही आणि 'आजी, अंगठा समक्ष' एवढी नोंद.

फोटोंनी मात्र वेळ खाल्ला. कुलपासह दार, पूर्ण घर, येण्याची वाट आणि खूण म्हणून सेवालाल महाराजांचं मंदिर, असे चार लागतात. तांड्यावर रेंज नव्हती. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, फक्त उघड्या आभाळाखाली थोडं थांबावं लागतं. घाईत ॲप उघडून फोटो काढला की फोन आधीच्या ठिकाणचे अक्षांश-रेखांश लावून टाकतो. माझ्या पहिल्या फोटोवर धारूरच्या रस्त्यावरची जागा आली होती. तो फोटो पुढे गेला असता, तर तपासणाऱ्यांनी नकाशावर ठेवून पाहिला असता आणि घरी न जाताच काढलेला म्हणून नाकारला असता. तो पुसला, अंगणात उभं राहून अचूकता काही मीटरवर येऊ दिली आणि चारही फोटो पुन्हा काढले. अपलोड संध्याकाळी धारूरला झालं. फोटोची वेळ दुपारची आणि अपलोडची वेळ संध्याकाळची, म्हणून शेऱ्यात 'ठिकाणी नेटवर्क नाही' हे लिहिलं. ते लिहिलं नाही तर वेळेतल्या फरकावरून केस परत येते.

उमेदवाराला फोन करून एवढंच सांगितलं, की पुढे कधी फॉर्म भरशील तेव्हा पत्त्यात तांड्याचं नाव आणि गावापासूनची वाट लिही, आणि दुसरा नंबर वडिलांचा नको, चुलत्यांचा दे. हंगामात वडील फडात असतात, चुलते तांड्यावर असतात.

पास-नापास आम्ही ठरवत नाही. काय दिसलं आणि कोण काय बोललं, तेवढंच लिहून द्यायचं. माझ्या अहवालातला शेवटचा शेरा असा होता: 'घर सापडले. भेटीच्या वेळी कुलूप, आई-वडील ऊसतोडीला. आजी व दोन शेजाऱ्यांकडून पुष्टी. रेशनकार्ड, घरपट्टी पावती पाहिली. मागील शेरा गावठाणातील चौकशीवरून. घर तांड्यावर आहे.'