तीनशे चौऱ्याऐंशी शेतकरी

जळगावात ठिबक संचांचे वितरण करणाऱ्या एका व्यवसायात मी एमआयएसचे, म्हणजे आकडेवारीच्या अहवालांचे, काम पाहते. रावेर, चोपडा आणि शिरपूर अशा आमच्या तीन शाखा आहेत. पूर्वहंगामी कापूस आणि केळीची मृगबाग या दोन्हींची तयारी एप्रिल-मे महिन्यांत चाललेली असते, त्यामुळे मोबाइलवरच्या जाहिरातींतून येणाऱ्या चौकश्या त्याच दोन महिन्यांत सर्वाधिक असतात. शेतकरी फॉर्म भरतो, आमच्याकडून त्याला फोन जातो, मग शाखेचा माणूस शेताची पाहणी करतो, त्यावरून कोटेशन दिले जाते आणि शेवटी ऑर्डर नोंदली जाते. या पाच टप्प्यांचा फनेल रिपोर्ट २० जूनच्या दुपारच्या बैठकीसाठी तयार होता. तो आमच्या एका सहकाऱ्याने बसवला होता आणि माझ्याकडे केवळ नजरेखालून घालण्यासाठी आला होता.

एप्रिल आणि मे महिन्यांत फॉर्म भरलेल्या ४,००० जणांचा तो रिपोर्ट होता. त्यांपैकी २,४०० जणांशी संपर्क झाला, ९६० पाहण्या झाल्या, ७२० कोटेशने गेली आणि १८० ऑर्डरी आल्या. शेजारच्या रकान्यात टप्प्याटप्प्यांचे दर होते: ६०, ४०, ६० आणि ४० टक्के. सर्वांत खाली एकूण दर ४.५ टक्के लिहिलेला होता.

असा रिपोर्ट हातात आला की मी आधी सगळे दर एकमेकांशी गुणून पाहते. लागोपाठच्या दोन टप्प्यांच्या संख्यांचे भागाकार ओळीने गुणले, तर मधल्या संख्या आपोआप कटतात आणि शेवटची संख्या भागिले पहिली संख्या एवढेच उरते. म्हणून गुणाकार एकूण दराएवढाच आला पाहिजे. येथे तो ५.७६ टक्के आला. दर पूर्णांकात लिहिले असल्यामुळे थोडा फरक पडू शकतो, हे मी लक्षात घेतले. परंतु चारही दर प्रत्यक्षात अर्ध्या टक्क्याने कमी असते, तरी गुणाकार ५.५ च्या खाली गेला नसता. ४.५ आणि ५.७६ यांच्यामधले अंतर पूर्णांकाच्या खाती टाकण्यासारखे नव्हते.

मग मी एकेक ओळ तपासली. पहिले दोन दर संख्यांशी जुळत होते. तिसऱ्या ओळीत ९६० पाहण्यांवर ७२० कोटेशने म्हणजे ७५ टक्के होतात, तेथे ६० लिहिलेले होते. चौथ्या ओळीत ७२० कोटेशनांवर १८० ऑर्डरी म्हणजे २५ टक्के होतात, तेथे ४० लिहिलेले होते.

दोन्ही दर संख्यांवरून नव्याने काढून रिपोर्ट पुढे पाठवणे दहा मिनिटांचे काम होते. तसे करण्याचा विचार माझ्या मनात आलाही होता. परंतु बैठकीत निर्णय याच दोन ओळींवर होणार होता. पाहणी झालेल्या शंभरांपैकी चाळीस जणांना कोटेशनच मिळत नाही, म्हणून कोटेशने बनवण्यासाठी दोन माणसे नेमावीत, असा विक्रीप्रमुखांचा विचार होता. मी ६० चे ७५ केले असते, तर तो विचार तेथेच बाजूला पडला असता. म्हणून दोन्ही आकडे कोठून आले हे कळल्याशिवाय एकही आकडा बदलायचा नाही, असे मी ठरवले.

पहिली शंका तारखांची होती. संख्या मोजताना कोटेशनची तारीख धरली आणि दर काढताना फॉर्मची तारीख धरली, तर मार्चमध्ये फॉर्म भरलेल्या माणसाचे मे महिन्यातले कोटेशन संख्येत येते आणि दरात येत नाही. अशी तफावत मी पूर्वी पाहिलेली आहे. येथे मात्र दोन्ही ठिकाणी फॉर्मचीच तारीख धरलेली होती, म्हणून तो प्रश्न मिटला.

त्यानंतर मी लीडची, म्हणजे फॉर्म भरलेल्या शेतकऱ्यांची, मूळ शीट उघडली. तिच्यात प्रत्येक शेतकऱ्याची एक ओळ आहे. पाहणीची तारीख E रकान्यात आणि कोटेशनची F रकान्यात. पाहणी आणि कोटेशन दोन्ही झालेले शेतकरी किती, हे मी आधी रिकामे नसलेले रकाने मोजून पाहिले. उत्तर ५९८ आले. ते ९६० च्या ६० टक्क्यांशी जुळेना, ७२० शीही जुळेना. गाळणी लावून E रकाना वाचत गेले, तेव्हा २२ ओळींत तारखेच्या जागी ‘फोनवर’ असा शब्द लिहिलेला सापडला. रिकामा नसलेला रकाना म्हणजे झालेली पाहणी, हे माझे गृहीत चुकीचे होते. शीटमध्ये तारीख हा आकडाच असतो, म्हणून फक्त आकडे मोजणारे सूत्र लावले:

```
=COUNTIFS(E2:E4001,">0",F2:F4001,">0")
```

आता उत्तर ५७६ आले, आणि ९६० वर ५७६ म्हणजे बरोबर ६० टक्के. रिपोर्टमधला तिसरा दर येथून आला होता आणि तो खरा होता. पाहणी झालेल्यांपैकी किती जणांना कोटेशन मिळाले, याचे ते नेमके उत्तर होते. ७२० हा आकडाही खरा होता. पण त्यात १४४ कोटेशने पाहणीशिवायच दिलेली होती. ती वरच्या टप्प्यातून आलेली नव्हती, वाटेतच फनेलमध्ये शिरली होती. ७२० ला ९६० ने भागले की हे १४४ जण पाहणी होऊन कोटेशन न मिळालेल्या ३८४ शेतकऱ्यांच्या जागी जाऊन बसतात, आणि ७५ टक्के हा नीटनेटका आकडा त्या शेतकऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक झाकून टाकतो. सकाळी मी दहा मिनिटांची दुरुस्ती केली असती, तर हेच घडले असते, आणि चूक माझ्या हातून झाली असती.

‘फोनवर’ लिहिलेल्या ओळी जवळपास सगळ्या रावेरच्या होत्या. तेथले आप्पा पंधरा वर्षांपासून या कामात आहेत. त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी वही समोर घेऊन एक नोंद मला वाचून दाखवली: दोन एकर केळी, पाच बाय सहा, विहिरीवर पाच एचपीची मोटर. “ताई, केळीच्या माणसाला अंतर विचारलं की नळी किती लागेल ते मला बसल्या जागी कळतं. मे महिन्यात एवढी शेतं फिरायला माणसं कुठून आणू? शेतकरी म्हणतो, आधी आकडा सांगा. मग आम्ही सांगतो.” त्यांचे म्हणणे मला पटले. ओळींमधले अंतर आणि क्षेत्र समजले की नळीची लांबी काढता येते. शेताचा उतार, पाण्याचे प्रत्यक्ष मान आणि त्यानुसार लागणारा फिल्टर मात्र पाहणीशिवाय समजत नाही. ही कोटेशने लपवलेली नव्हती, शीटमध्ये त्यांच्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

चौथी ओळ वेगळीच निघाली. तो दर लीडच्या शीटवरून आलेला नव्हता, शाखांच्या गोषवाऱ्यावरून आलेला होता. रावेरला ५०० कोटेशनांवर ८० ऑर्डरी, म्हणजे १६ टक्के. चोपड्याला २०० वर ८८, म्हणजे ४४ टक्के. शिरपूरला २० वर १२, म्हणजे ६० टक्के. सहकाऱ्याने या तीन टक्केवाऱ्यांची सरासरी घेतली होती. घ्यायला हवा होता तो ऑर्डरींच्या बेरजेचा आणि कोटेशनांच्या बेरजेचा भागाकार:

```
=AVERAGE(E2:E4)
=SUM(D2:D4)/SUM(C2:C4)
```

पहिल्या सूत्राने ४० टक्के येतात, दुसऱ्याने २५. पहिल्यात शिरपूरच्या २० कोटेशनांना रावेरच्या ५०० एवढेच वजन मिळते. शिरपूरला एक ऑर्डर वाढली असती, तर ही सरासरी दीड टक्क्याहून अधिक वर गेली असती. रावेरला तेवढीच वाढ दाखवण्यासाठी पंचवीसेक ऑर्डरी लागल्या असत्या. टक्केवाऱ्यांची अशी सरासरी सर्व शाखांची कोटेशने सारखी असतील तरच चालते. म्हणजे येथे संख्या खऱ्या होत्या आणि दर चुकीचा होता. वरच्या ओळीत दर खरा होता आणि संख्यांचा भागाकार दिशाभूल करत होता. एकाच तक्त्यात लागोपाठच्या दोन ओळींना दोन उलट उत्तरे लागू पडतात, हे मी यापूर्वी पाहिले नव्हते, आणि त्या दुपारी मला त्याची धास्तीच वाटली.

बैठकीला अर्धा तास उरला होता. रावेरचा १६ टक्के दर पाहणीशिवाय दिलेल्या कोटेशनांमुळे खाली आला असावा, असे साहजिकच वाटले, म्हणून तेवढे वेगळे काढले. १४४ पैकी १२६ रावेरची होती आणि त्यांवर ७ ऑर्डरी होत्या. उरलेल्या ३७४ कोटेशनांवर, म्हणजे पाहणी होऊन दिलेल्यांवर, ७३ ऑर्डरी आल्या होत्या. पाहणी झाल्यावरही रावेरचा दर २० टक्क्यांच्या थोडा खालीच राहतो, तेव्हा सगळा दोष फोनवरच्या कोटेशनांवर टाकता येत नाही. शिवाय पाहणी न मागणारा शेतकरी केवळ भावाची चौकशी करत असेल, तर पाहणी करूनही त्याने ऑर्डर दिली असती असे म्हणता येत नाही. मे महिन्याच्या अखेरीस फॉर्म भरलेल्यांच्या काही ऑर्डरी अजून यायच्या होत्या, हेही खरे होते.

बैठकीत मी तक्ता दोन भागांत मांडला. डावीकडे प्रत्येक टप्प्याची एकूण संख्या ठेवली आणि पाहणीशिवायची १४४ कोटेशने स्वतंत्र ओळीत दाखवली. उजवीकडे मागच्या टप्प्यातून आलेल्यांचेच दर ठेवले आणि दर कशाला कशाने भागून काढला हे प्रत्येक दराखाली शब्दांत लिहिले. विक्रीप्रमुखांनी बराच वेळ तो पाहिला. ४० चे २५ झाले याचे त्यांना वाईट वाटले, आणि ते त्यांनी बोलून दाखवले. मग त्यांनी विचारले, “पाहणी होऊन कोटेशन न मिळालेले हे ३८४ जण कोण आहेत?” मी म्हणाले, “साहेब, यादी आहे, कारण नाही. शीटमध्ये कारणाचा रकाना नाही.” दोन माणसे नेमण्याचा निर्णय त्यांनी ती कारणे येईपर्यंत पुढे ढकलला.

त्याच संध्याकाळी यादी तालुकावार करून तिन्ही शाखांना पाठवली आणि E रकान्यात तारखेखेरीज काही लिहिता येणार नाही अशी व्यवस्था केली. त्याच्या शेजारी ‘पाहणी नाही’ असा नवा रकाना घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पहिली खूण रावेरहून झाली, आणि आप्पांनी तिच्यापुढे शेतकऱ्याचे अंतर आणि मोटरही लिहिली होती.